ऑफलोड अ‍ॅप

आयफोन आणि आयपॅडवर एखाद्या अ‍ॅपचा मूळ सांगाडा काढून टाकायचा, पण त्या अ‍ॅपने साठवलेली कागदपत्रे, सेटिंग आणि माहिती फोनवरच राहू द्यायची, या सोयीला ऑफलोड करणे म्हणतात. ही सोय २०१७ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या आयओएस ११ बरोबर सुरू झाली. अँड्रॉइडवर याच धर्तीची सोय आर्काइव्ह या नावाने आहे. ही नोंद मुख्यतः आयफोनविषयी असून अँड्रॉइडमधले फरक शेवटी दिले आहेत.

काय जाते, काय राहते

अ‍ॅप फोनवर दोन भागांत राहते. एक भाग अ‍ॅप स्टोअरमधून उतरलेला असतो. त्यात प्रोग्राम, चित्रे, आवाज आणि बटणांची मांडणी येते, आणि तो सगळ्यांच्या फोनवर जवळपास सारखाच असतो. दुसरा भाग वापरणाऱ्याने घडवलेला असतो: लिहिलेल्या नोंदी, काढलेली स्कॅन, गेममधली प्रगती, लॉगिन, निवडलेली भाषा. पहिला भाग अ‍ॅपलच्या सर्व्हरवरून पुन्हा आणता येतो. दुसऱ्या भागाची प्रत बऱ्याचदा त्या एकाच फोनवर असते. ऑफलोड करताना फक्त पहिला भाग पुसला जातो.

या दोन्ही भागांचे आकडे Settings → General → iPhone Storage येथे दिसतात. अ‍ॅपची यादी जागेच्या उतरत्या क्रमाने येते आणि नावाखाली ते शेवटचे कधी उघडले याची तारीख असते. एखादे अ‍ॅप निवडले की वर App Size आणि खाली Documents & Data अशा दोन ओळी येतात. ऑफलोड केल्यावर सुटणारी जागा म्हणजे पहिल्या ओळीतला आकडा. दुसरी ओळ जवळजवळ जशीच्या तशी उरते. बहुतेकांची निराशा इथेच होते, कारण यादीतला मोठा आकडा या दोन्हींची बेरीज असतो.

समजा, ६४ जीबीचा फोन भरत आला आहे आणि यादीत तीन अ‍ॅप वर आहेत. व्हॉट्सअ‍ॅप ११ जीबी दाखवते, पण त्यातले अ‍ॅप जेमतेम पाव जीबी. बाकी सगळे फोटो, व्हिडिओ आणि शुभेच्छा. दुसरा एक गेम ४.१ जीबीचा आहे, त्यातले ४ जीबी अ‍ॅपचे आणि उरलेले खेळाच्या प्रगतीचे. तिसरे व्हिडिओ जोडण्याचे अ‍ॅप ३ जीबीचे, पैकी ०.९ अ‍ॅपचे आणि २.१ अर्धवट प्रकल्पांचे. यादीत सर्वांत वर व्हॉट्सअ‍ॅप असले तरी ते ऑफलोड करून हाती काहीच लागत नाही. तिथे व्हॉट्सअ‍ॅपच्याच सेटिंगमधील Storage and Data → Manage Storage मधून मोठ्या फायली काढाव्या लागतात. गेम ऑफलोड केला तर एका झटक्यात ४ जीबी मोकळे होतात आणि प्रगती शाबूत राहते. व्हिडिओच्या अ‍ॅपमधून ०.९ जीबी सुटते, पण खरे ओझे असलेले प्रकल्प फोनवरच राहतात.

मात्र सगळे गेम असे सरळ नसतात. काही गेम स्टोअरमधून लहान उतरतात आणि पहिल्यांदा उघडल्यावर आपल्या सर्व्हरवरून कित्येक जीबी चित्रे-नकाशे आणतात. तो सारा ऐवज Documents & Data मध्ये मोजला जातो. चित्रपट-मालिकांच्या आणि गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये ऑफलाइन पाहण्या-ऐकण्यासाठी उतरवून ठेवलेल्या फायलींचेही तेच. म्हणून बोट लावण्याआधी App Size ची ओळ वाचणे हाच एकमेव भरवशाचा निकष.

पद्धत

हाताने करायचे तर वरील यादीत अ‍ॅप निवडून Offload App दाबायचे आणि खाली आलेल्या प्रश्नाला पुन्हा Offload App असे उत्तर द्यायचे. होम स्क्रीनवरचे चिन्ह जागेवरच राहते, त्याच्या नावाआधी खाली बाण असलेला छोटा ढग दिसू लागतो. स्टोरेजच्या यादीतही अ‍ॅप उरते. आत गेल्यावर आता Offload App ऐवजी Reinstall App असते.

त्याच पानावर अगदी खालचे लाल अक्षरांतले Delete App हे बटण वेगळे. त्याने माहितीही जाते. होम स्क्रीनवर चिन्ह दाबून धरल्यावर येणारे Remove App → Delete App हेही तेच करते. तिथे ऑफलोडचा पर्याय नसतो. या सोयीतला सर्वांत महाग अपघात यातूनच घडतो. ढग लागलेले चिन्ह पाहून ‘अ‍ॅप तर आधीच गेले आहे, नुसते चिन्ह उरले आहे’ असे वाटते आणि पडदा आवरताना ते पुसले जाते. त्या चिन्हाबरोबर मागे राखलेली सर्व कागदपत्रेही जातात. चिन्ह नजरेआड करायचे असेल तर Remove from Home Screen निवडावे. अ‍ॅप मग अ‍ॅप लायब्ररीत सापडते.

आपोआप ऑफलोड होण्यासाठी Offload Unused Apps हे बटण आहे. ते अ‍ॅप स्टोअरच्या सेटिंगमध्ये असते: आयओएस १८ पासून Settings → Apps → App Store, त्याआधी Settings → App Store. iPhone Storage च्या पानावर हीच गोष्ट शिफारस म्हणून येते आणि तिथे Enable दाबले की सुरू होते. बंद करायला मात्र तिथे काही मिळत नाही, अ‍ॅप स्टोअरच्या सेटिंगमध्येच जावे लागते. सुरू असताना फोनची जागा कमी पडू लागली की बरेच दिवस न उघडलेली अ‍ॅप फोन स्वतः काढतो. ‘हे एवढे अ‍ॅप सोडून’ असे सांगण्याची सोय नाही, आणि हा या बटणाचा मोठा दोष आहे. वर्षातून दोनदा लागणारे विम्याचे किंवा विमान कंपनीचे अ‍ॅप नेमके विमानतळावर, नेट नसताना, ढग दाखवते. ज्यांना अशी अ‍ॅप लागतात त्यांनी हे बटण बंद ठेवून हातानेच निवड करावी हे बरे.

परत बसवताना

चिन्हावर टिचकी मारली की डाउनलोड सुरू होते. यासाठी नेट, अ‍ॅपच्या आकाराइतकी मोकळी जागा आणि ज्या अ‍ॅपल खात्यातून अ‍ॅप घेतले ते खाते लागते. मोबाइल डेटावर २०० एमबीहून मोठ्या अ‍ॅपसाठी फोन आधी विचारू शकतो. हे अ‍ॅप स्टोअरच्या सेटिंगमधील App Downloads वर अवलंबून आहे. डाउनलोड अडकून राहिल्यास सर्वप्रथम मोकळी जागा पाहावी. ज्या जागेसाठी अ‍ॅप काढले ती दरम्यान फोटोंनी भरलेली असते, हे फार नेहमीचे.

अ‍ॅप उतरले की ते मागे राखलेल्या माहितीला जोडले जाते. मसुदे, प्रकल्प, गेमची पातळी आणि पसंतीची सेटिंग पूर्वीसारखी सापडतात. परंतु येते ती स्टोअरमधली सध्याची आवृत्ती. मधल्या काळात निर्मात्याने मांडणी बदलली असेल किंवा फुकटची सोय सशुल्क केली असेल, तर तीच पदरी पडते. नवी आवृत्ती जुन्या आयओएसवर चालत नसेल तर स्टोअर शेवटची चालणारी आवृत्ती देऊ करते, अर्थात निर्मात्याने ती उपलब्ध ठेवली असेल तरच.

लॉगिन टिकेलच असे नाही. फोनवरची माहिती तशीच असते, पण सर्व्हरने दिलेला परवाना मुदत संपून बाद झालेला असू शकतो, आणि मग पासवर्ड किंवा ओटीपी पुन्हा मागितला जातो. बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप सुरक्षेपोटी सिमची पडताळणी नव्याने करायला लावू शकतात. परदेशात राहताना भारतातले सिम बंद पडले असेल तर ती पडताळणी तिथेच अडते. व्हॉट्सअ‍ॅपचे खाते १२० दिवस निष्क्रिय राहिले तर साधारणपणे काढून टाकले जाते. म्हणून ते दीर्घकाळ ऑफलोड करून ठेवण्याजोगे अ‍ॅप नव्हे. शिवाय ऑफलोड काळात कोणत्याही अ‍ॅपच्या सूचना येत नाहीत आणि त्याचे विजेट चालत नाही.

एक बारकावा क्वचितच सांगितला जातो. प्रत्येक अ‍ॅपच्या माहितीत Documents नावाचा कायम जपायचा कप्पा असतो आणि Caches नावाचा तात्पुरत्या फायलींचा कप्पा असतो. अ‍ॅप चालू नसताना जागा कमी पडली तर Caches मधल्या फायली काढण्याची मुभा आयओएसला आहे, मग अ‍ॅप ऑफलोड केलेले असो वा नसो. फोन भरलेला असतानाच ऑफलोड केले जाते, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकदमच घडू शकतात. एखाद्या अ‍ॅपने ऑफलाइन गाणी किंवा नकाशे या तात्पुरत्या कप्प्यात ठेवले असतील, तर परत बसवल्यावर ते पुन्हा उतरवावे लागतात. दोष तेव्हा अ‍ॅपच्या बांधणीचा असतो.

अ‍ॅप स्टोअरमध्येच नसेल तर

राखलेली माहिती उघडायला तेच अ‍ॅप लागते. ते स्टोअरमधून गेले की कागदपत्रे फोनवर असूनही कुलूपबंद होतात. ऑफलोडविषयीच्या सूचनेत अ‍ॅपलनेही ‘अ‍ॅप स्टोअरमध्ये अजून उपलब्ध असल्यास’ ही अट घातली आहे. ही अट नुसती कागदोपत्री नाही. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉकबरोबर कॅमस्कॅनरही होते, म्हणजे लोकांचे आधार, सातबारा आणि गुणपत्रिका ज्यात साठलेल्या असतात असे स्कॅनिंगचे अ‍ॅप. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत टिकटॉक स्टोअरमधून हटवले गेले, तेव्हा फोनवर असलेले अ‍ॅप राहील पण एकदा काढले तर पुन्हा उतरवता येणार नाही, असे अ‍ॅपलने स्पष्ट केले होते. पुढल्या महिन्यात ते स्टोअरमध्ये परतले.

बंदीशिवायही असे होते. लहान निर्माते अ‍ॅप बंद करतात. अ‍ॅपल खात्याचा देश भारतावरून अमेरिका किंवा अमिरातीवर बदलला की केवळ भारतीय स्टोअरमध्ये मिळणारी अ‍ॅप नव्या देशाच्या स्टोअरमध्ये नसतात. देश बदलण्याआधी ढग लागलेली अ‍ॅप एकदा परत बसवून त्यांतली कागदपत्रे बाहेर काढून घ्यावीत. फेसबुक-जीमेलसारखी ज्यांची माहिती मुळात सर्व्हरवर असते, त्यांच्याबाबत ही चिंता नाही. धोका असतो तो फक्त फोनवरच लिहिणाऱ्या अ‍ॅपचा: हिशेबाची वही, ध्वनिमुद्रण, स्कॅन. ही ऑफलोड करण्याआधी त्यातल्या शेअर किंवा एक्स्पोर्टने एक पीडीएफ वा ध्वनिफीत दुसरीकडे ठेवणे हाच पक्का उपाय.

अँड्रॉइडवर

गूगलने २०२३ मध्ये प्ले स्टोअरमध्ये Automatically archive apps हा पर्याय आणला. तो प्ले स्टोअरच्या Settings → General मध्ये असतो. याने अ‍ॅपच्या जागेपैकी सुमारे ६० टक्क्यांपर्यंत जागा सुटते, असे गूगलने तेव्हा सांगितले होते. अँड्रॉइड १५ पासून फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या माहितीच्या पानावरही Archive हे बटण मिळते. चिन्ह राहते, त्यावर ढग येतो, टिचकीने अ‍ॅप परत बसते. आयफोनशी मुख्य फरक असा, की इथे आर्काइव्ह करताना कॅशे फायली पुसल्या जातातच. वापरणाऱ्याची माहिती राहते, आणि Uninstall केल्यास, आयफोनवरील Delete App प्रमाणेच, तीही जाते.