‘अस्पर्धात्मक’ या एका शब्दाचा गुंता: दुहेरी व्यस्त आलेखाची पार्श्वभूमी

सांगलीकडच्या विद्यार्थ्यांना इन्व्हर्टेज हे एन्झाइम वेगळं शिकवावं लागत नाही. तोडलेला ऊस फडात किंवा कारखान्याच्या गव्हाणीपुढे दोन-तीन दिवस पडून राहिला की उतारा घटतो, हे घरातल्या बोलण्यातच असतं. त्या घटीमागच्या कारणांपैकी एक म्हणजे उसातलं इन्व्हर्टेज. ते सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. एन्झाइमच्या वेगाचं गणित पहिल्यांदा नीट बसवलं गेलं तेही इन्व्हर्टेजवरच, फक्त यीस्टमधल्या. बर्लिनमध्ये 1913 साली दोन संशोधकांनी साखरेच्या द्रावणाचं प्रकाशीय वलन मोजत वेग काढला आणि तयार होणारी ग्लुकोज-फ्रुक्टोज हीच साखर एन्झाइमला कशी अडवते याचाही हिशेब मांडला. त्यांच्या आलेखात वेगासमोर संहतीचा लॉगरिदम होता. सरळ रेषा अजून आली नव्हती.

ती 1934 साली आली. त्या दोघांच्या समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा गुणाकार व्यस्त घेतला की वक्राची रेषा होते, तोच दुहेरी व्यस्त आलेख:

1/v = (Km/Vmax)(1/[S]) + 1/Vmax

इथे v म्हणजे वेग, [S] म्हणजे सबस्ट्रेटची, एन्झाइम ज्याच्यावर काम करतं त्या पदार्थाची, संहती, Vmax म्हणजे कमाल वेग आणि Km म्हणजे त्याच्या निम्मा वेग मिळतो ती संहती. संगणक नसलेल्या काळात पट्टी आणि आलेखकागदावर Km आणि Vmax काढायची ही सोय फार मोठी होती. एन्झाइमला अडवणाऱ्या पदार्थासह, म्हणजे निरोधकासह, आणि निरोधकाविना अशा दोन रेषा काढून निरोधाचा प्रकार ओळखायची रीतही त्याच लेखात होती. ती पद्धत मांडणाऱ्यांना मोजणीतली चूक व्यस्त घेतल्यावर फुगते हे ठाऊक होतं आणि बिंदूंना वेगवेगळं वजन द्यायला हवं असं त्यांनी मानलंही होतं. पुढे पाठ्यपुस्तकांनी रेषा उचलली आणि वजन सोडून दिलं. ही कापाकापी मला आजही खटकते, कारण प्रयोगशाळेतल्या बहुतेक चुकीच्या निष्कर्षांचं मूळ तिथेच आहे.

हिशेब करून पाहू. Km 0.5 मिलिमोलर आणि Vmax 10 एकक धरू. निरोधक असा घेऊ की रेषेचा चढ दुप्पट होईल. स्पर्धात्मक, म्हणजे सबस्ट्रेटची जागा अडवणारा, असेल तर Y अक्षावरचा छेद 0.1 वरच राहील आणि X अक्षावरचा −2 वरून −1 वर येईल. शुद्ध नॉनकॉम्पिटिटिव्ह, म्हणजे मोकळ्या आणि सबस्ट्रेट धरलेल्या एन्झाइमला सारखंच अडवणारा, असेल तर Y वरचा छेद 0.2 होईल आणि X वरचा −2 वरच राहील. चढ दोन्हीकडे 0.1 च. म्हणजे निकाल चढावर लागत नाही, छेदावर लागतो.

आता सबस्ट्रेट 0.1 मिलिमोलर असताना 1/v पाहा: स्पर्धात्मकात 1.1, नॉनकॉम्पिटिटिव्हमध्ये 1.2. वेग अनुक्रमे 0.91 आणि 0.83. मोजणीत 0.1 ची चूक झाली तर 0.91 चा व्यस्त 0.99 पासून 1.23 पर्यंत कुठेही पडतो. दोन्ही उत्तरं त्यात मावतात. उलट सबस्ट्रेट 2 मिलिमोलर असताना वेग 6.67 आणि 4.0 असे साफ वेगळे येतात, आणि तेवढ्याच चुकीने 6.67 चा व्यस्त 0.148 ते 0.152 एवढाच हलतो. पण कागदावर हेच खात्रीचे बिंदू Y अक्षाला चिकटून एका अंगठ्याखाली झाकले जातील एवढ्या जागेत बसतात, आणि रेषा कुठे जाते ते ठरवतो तो लांब उजवीकडचा, सगळ्यात बेभरवशाचा बिंदू.

आमच्याकडे एका बॅचने मुगाच्या मोडातल्या ॲसिड फॉस्फटेजवर फॉस्फेटचा परिणाम पाहिला. पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट सबस्ट्रेट, क्षाराने अभिक्रिया थांबवून 405 नॅनोमीटरला पिवळा रंग मोजायचा. सबस्ट्रेट महाग म्हणून मुलींनी सगळ्या संहत्या Km च्या खाली ठेवल्या होत्या. रेषा X अक्षाजवळ मिळाल्या आणि वहीत ‘अस्पर्धात्मक’ लिहून झालं. फॉस्फेट हा या अभिक्रियेतून सुटणाराच पदार्थ. तो सक्रिय जागेतच बसतो, त्यामुळे मला शंका आली. Km च्या तिप्पट-चौपट संहतीच्या चार परीक्षानळ्या वाढवल्या, तशी निरोधकाची रेषा खाली कलली आणि दोन्ही Y अक्षावर एकत्र आल्या. त्या मुलींनी पहिली रेषा खोडली नाही, शेजारी दुसरी काढली. ते मला आवडलं.

पण ‘अस्पर्धात्मक’ हा शब्दच मुळात घोटाळ्याचा आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं. इंग्रजीत तीन वेगळी नावं आहेत: कॉम्पिटिटिव्ह, नॉनकॉम्पिटिटिव्ह आणि अनकॉम्पिटिटिव्ह. अनकॉम्पिटिटिव्ह निरोधक फक्त एन्झाइम-सबस्ट्रेट जोडीलाच चिकटतो, त्यामुळे दोन रेषा समांतर येतात. मराठीत ‘नॉन’ आणि ‘अन’ दोन्ही ‘अ’ या एकाच उपसर्गात कोंबले की समांतर रेषा आणि X अक्षावर मिळणाऱ्या रेषा यांना एकच नाव पडतं. म्हणून मी वर्गात इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहायला लावते.

इंग्रजीतही प्रकरण स्वच्छ नाही. शुद्ध नॉनकॉम्पिटिटिव्हसाठी निरोधकाने मोकळ्या एन्झाइमला आणि एन्झाइम-सबस्ट्रेट जोडीला अगदी सारख्याच ओढीने धरावं लागतं. सबस्ट्रेट बसल्यावर एन्झाइमचा आकार थोडाफार बदलतोच, मग ओढ तंतोतंत सारखी का राहावी? प्रत्यक्षात रेषा Y अक्षाच्या डावीकडे मिळतात, पण X अक्षाच्या जरा वर किंवा खाली. 1963 च्या एका प्रभावी मांडणीने या सगळ्यालाच नॉनकॉम्पिटिटिव्ह म्हटलं. 1981 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी त्याला ‘मिश्र’ म्हणा असं सुचवलं आणि शुद्ध नॉनकॉम्पिटिटिव्ह ही मिश्राची एक दुर्मीळ स्थिती मानली. माझ्या मते 1981 चं बरोबर आहे. तरीही परीक्षेत पर्याय दोनच असतात, आणि X अक्षाच्या किंचित वर मिळालेल्या रेषा विद्यार्थी पट्टीने ढकलून अक्षावर आणतात.

मग X अक्षावर चोख मिळणाऱ्या रेषा कुठे दिसतात? बऱ्याचदा तिथे, जिथे निरोधक एन्झाइमचा काही भाग कायमचा मारतो. निम्मं एन्झाइम मेलं तर Vmax निम्मा होतो आणि उरलेल्याचा Km तसाच राहतो. आलेख हुबेहूब नॉनकॉम्पिटिटिव्ह दिसतो. इन्व्हर्टेजवर पाऱ्याचे क्षार टाकून केलेल्या प्रात्यक्षिकाबाबत ही शंका घेतलीच पाहिजे, आणि एकट्या दुहेरी व्यस्त आलेखातून ती फिटत नाही. निरोधक तेवढाच ठेवून एन्झाइमचं प्रमाण वाढवत न्यावं आणि वेग एन्झाइमसमोर मांडावा. निरोध परतवता येणारा असेल तर रेषा आरंभबिंदूतूनच निघते, फक्त चढ कमी होतो. एन्झाइम मरत असेल तर रेषा उजवीकडे सरकते, पहिलं काही एन्झाइम वायाच जातं आणि पुढचा चढ मूळ रेषेसारखा असतो.

आज Km आणि Vmax संगणक मूळ वक्रावरूनच काढतो; व्यस्त आलेख निकाल दाखवायला उरला आहे. आमच्या प्रयोगवहीत अजून तोच काढला जातो, आणि Km च्या वरची किमान तीन बिंदूंची ओळ नसेल तर मी त्या पानावर सही करत नाही.