गुड फ्रायडेला पुण्यात बँक बंद आणि मिलानमध्ये ऑफिस चालू, हे कसं काय?

माझी भाची इटलीत मिलानला नोकरी करते. यंदा गुड फ्रायडेला मला सुट्टी होती म्हणून सकाळी तिला फोन लावला, तर ती म्हणाली मामा नंतर बोलते, मीटिंगमध्ये आहे. मी चाटच पडलो. पोप ज्या देशात राहतो (म्हणजे व्हॅटिकन वेगळं राष्ट्र आहे पण आहे तर रोममध्येच) तिथे गुड फ्रायडेला ऑफिस चालू आणि पुण्यात बँका बंद! वर ती म्हणाली की सोमवारी मात्र तिला सुट्टी आहे, ईस्टर नंतरच्या सोमवारी सगळे डबे घेऊन गावाबाहेर सहलीला जातात. त्या सोमवारी आपल्याकडे सगळं नेहमीसारखं चालू. तेव्हापासून डोक्यात भुंगा लागला आणि वाचत गेलो, ते इथे लिहितोय.

आपल्या मनात एक सरळ समज असतो की देश ख्रिश्चन असेल तर दोन्ही सुट्ट्या असणार, नसेल तर नाही. हा समज साफ चुकीचा आहे. इटली, फ्रान्स, आयर्लंड, पोलंड इथे सोमवारची सुट्टी आहे पण शुक्रवारची सार्वजनिक सुट्टी नाही. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये उलटं, शुक्रवार आहे पण सोमवार नाही (स्पेनच्या काही प्रांतांत आहे). जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये दोन्ही. अमेरिकेत केंद्र सरकारच्या यादीत दोन्ही नाहीत, तरी न्यूयॉर्कचा शेअर बाजार गुड फ्रायडेला बंद असतो. याचा उलगडा करायचा तर आधी हे लक्षात घ्यायला हवं की शुक्रवार आणि सोमवार ही एकाच सुट्टीची दोन टोकं नाहीत, त्या दोन वेगळ्या जातीच्या सुट्ट्या आहेत.

मुळात ही सुट्टी फार मोठी होती. इ.स. ३८९ मध्ये रोमन सम्राटांनी कायदाच केला की ईस्टरच्या आधीचे सात दिवस आणि नंतरचे सात दिवस कोर्टकचेऱ्या बंद. म्हणजे ईस्टर धरून पंधरा दिवस! पुढे शतकानुशतकं ही सुट्टी उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी आटत गेली. ईस्टर नंतरचा आठवडा हा आनंदाचा, पुनरुत्थानाचा सण, त्यातले दिवस एक एक करून गळाले आणि १६४२ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी सक्तीच्या सणांची यादी केली तेव्हा त्यात ईस्टर नंतरचे फक्त सोमवार आणि मंगळवार उरले होते. १९११ मध्ये पोप दहावे पायस यांनी यादी आणखी छाटली, त्यात सोमवारही गेला. पण तोवर लोकांना त्या सोमवारची सवय लागली होती, म्हणून चर्चने सोडलेला दिवस सरकारांनी धरून ठेवला. इटलीच्या १९४९ च्या कायद्यात ईस्टर नंतरचा सोमवार असं स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि माझ्या भाचीची सहल त्या ओळीवर चालते.

शुक्रवार मात्र त्या यादीत नव्हता, आणि याचं कारण फार सुंदर आहे. कॅथलिक पद्धतीत सक्तीचा सण म्हणजे काय, तर त्या दिवशी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य सामूहिक उपासनेला जायचं आणि कष्टाची कामं करायची नाहीत. आता गुड फ्रायडे हा येशूच्या मृत्यूचा दिवस, त्या दिवशी मिस्सा होतच नाही, प्रार्थना असतात, उपास असतो, पण मिस्सा नाही. मग ज्या दिवशी मिस्साच नाही त्या दिवशी मिस्साची सक्ती कशी करणार, आणि सक्ती नाही तर तो दिवस सणांच्या यादीत येत नाही, आणि यादीत नाही तर सरकारकडेही सुट्टी म्हणून पोचत नाही. दिवस पवित्र आहे पण सण नाही. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट लोकांनी मात्र संतांचे बहुतेक सण रद्द केले आणि क्रुसावरच्या मृत्यूला सगळ्यात वर नेऊन ठेवलं, त्यामुळे त्यांच्याकडे हा शुक्रवार वर्षातला सगळ्यात मोठा दिवस झाला.

हे नुसतं सांगून पटत नसेल तर फ्रान्सचा नकाशा बघा. अख्ख्या फ्रान्समध्ये गुड फ्रायडे कामाचा दिवस आहे, फक्त पूर्वेकडचे अल्सास आणि मोझेल हे भाग सोडून. १८७१ च्या युद्धानंतर हे भाग जर्मनीकडे गेले, १८९२ मध्ये तिथे जर्मन हुकूम निघाला की ज्या गावात प्रोटेस्टंटांचं चर्च आहे किंवा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांचं सामाईक चर्च आहे तिथे गुड फ्रायडेची सुट्टी. १९१८ ला हे भाग फ्रान्सकडे परत आले पण हा हुकूम तसाच राहिला, आजही चालू आहे. म्हणजे देश एक, भाषा एक, आणि सुट्टी कुठे आहे ते गावात कुठलं चर्च आहे यावर ठरतं. प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलतो आणि बाकी सगळं सारखं ठेवतो ना, इतिहासाने इथे जवळजवळ तसाच प्रयोग करून ठेवलाय.

(मध्येच एक सांगतो. दरवर्षी या सुमाराला व्हॉट्सॲपवर फिरतं की ईस्टर हा शब्द बाबिलोनच्या इश्तार देवीवरून आला. हे खोटं आहे. इटालियनमध्ये या सणाला पास्क्वा म्हणतात, फ्रेंचमध्ये पाक, आणि हे दोन्ही ज्यूंच्या पेसाख सणावरून आलेत. ईस्टर हा शब्द इंग्रजी-जर्मन पट्ट्यातला आहे आणि इश्तारशी त्याचं फक्त यमक जुळतं. यमक जुळलं म्हणून नातं जुळत नाही, कृपया फॉरवर्ड करू नका.)

धर्माने अर्धं कोडं सुटतं, पण स्पेन पोर्तुगाल तर पक्के कॅथलिक आहेत आणि तिथे शुक्रवारची सुट्टी आहे. तिथे मिस्सा नसली तरी त्या दिवशी मोठ्या मिरवणुका निघतात, गावंच्या गावं रस्त्यावर असतात. तर मग सरकार नेमकं कधी ठरवतं की एखादा दिवस कागदावर सुट्टी आहे? इथे मला सापडलेली आणि मनापासून आवडलेली गोष्ट येते, ती म्हणजे हुंडी.

हुंडी म्हणजे अमुक दिवशी अमुक रक्कम देईन असा कागद. त्या दिवशी पैसे मिळाले नाहीत तर हुंडी नाकारली गेली असं धरतात आणि व्यापाऱ्याची पत जाते. आता मुदत संपते तो दिवस नेमका बँक बंद असण्याचा निघाला तर? पैसे आदल्या दिवशी द्यायचे का दुसऱ्या दिवशी? हे कायद्यात लिहिलेलं नसेल तर बँक मनात असूनही दार बंद ठेवू शकत नाही, कारण दार बंद असताना आलेली हुंडी नाकारल्यासारखी होईल. म्हणजे सुट्टी द्यायची तर आधी त्या दिवशीच्या हुंड्यांचं काय ते ठरवावं लागतं. इंग्लंडमध्ये गुड फ्रायडे आणि ख्रिसमस हे जुन्या रिवाजाने बंदचे दिवस, त्यांचा नियम होता की पैसे आदल्या दिवशी द्यायचे. बँक ऑफ इंग्लंड पूर्वी संतांच्या नावाने वर्षाला तेहतीसेक दिवस बंद असायची, १८३४ ला ते छाटून चार केले, त्या चारातही गुड फ्रायडे टिकला. पण ईस्टरचा सोमवार नव्हता.

तो आणला जॉन लबॉक यांनी. हे गृहस्थ बँकर आणि खासदार तर होतेच पण डार्विनचे शेजारी होते, मुंग्यांवर रंगाचे ठिपके देऊन त्यांचा माग काढायचे, आणि शाळेत आपण पुराश्मयुग आणि नवाश्मयुग शिकतो त्यांचे मूळ इंग्रजी शब्द यांनीच १८६५ मध्ये घडवले. त्यांनी १८७१ मध्ये बँक हॉलिडे कायदा पास करून घेतला. त्यात ईस्टरचा सोमवार सुट्टी केला आणि नियम घातला की अशा दिवशी मुदत संपणाऱ्या हुंडीचे पैसे दुसऱ्या दिवशी द्यायचे.

एक हिशेब करून बघू. १८७२ मध्ये ईस्टर ३१ मार्चला होता, म्हणजे गुड फ्रायडे २९ मार्च आणि सोमवार १ एप्रिल. दोन महिन्यांची हुंडी घ्या, मुदतीनंतर सवलतीचे तीन दिवस मिळायचे. २६ जानेवारीला लिहिलेली हुंडी २६ मार्च अधिक तीन म्हणजे २९ मार्चला पडते, तो गुड फ्रायडे, म्हणून पैसे आदल्या दिवशी गुरुवारी २८ ला. २९ जानेवारीला लिहिलेली हुंडी २९ मार्च अधिक तीन म्हणजे १ एप्रिलला पडते, तो नवा बँक हॉलिडे, म्हणून पैसे दुसऱ्या दिवशी मंगळवारी २ एप्रिलला. हुंड्या तीन दिवसांच्या अंतराने लिहिल्या पण पैसे द्यायच्या तारखांत पाच दिवसांचं अंतर पडलं. शुक्रवारने देणेकऱ्याचा एक दिवस कापला आणि सोमवारने एक दिवस वाढवून दिला! दोन्ही सुट्ट्यांची जात वेगळी म्हणतो ती कायद्यातही अशी दिसते.

याच कायद्याची स्कॉटलंडसाठी वेगळी यादी आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. तिथे गुड फ्रायडे आणि ख्रिसमस दोन्ही लिहावे लागले, कारण तिथल्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चने १५६० नंतर सगळे सण मोडीत काढले होते, रिवाजच शिल्लक नव्हता. इंग्लंडच्या यादीत गुड फ्रायडे नाही कारण तो लिहायची गरजच नव्हती. आणि ईस्टरचा सोमवार स्कॉटलंडच्या यादीत घेतलाच नाही, आजही तो तिथे बँक हॉलिडे नाही. अमेरिकेतही सुरुवातीला न्यू इंग्लंडमध्ये वसलेले प्युरिटन लोक याच विचाराचे, ते तर ख्रिसमससुद्धा पाळत नसत.

आता पुण्याकडे येऊ. चेक बाऊन्स झाला की कलम १३८ म्हणतात ना, तो परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ चा. त्याच कायद्यात कलम २५ आहे, हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीला संपली तर पैसे आधीच्या कामाच्या दिवशी द्यायचे. आणि सार्वजनिक सुट्टी म्हणजे काय ते सांगताना १८८१ च्या मूळ मजकुरात रविवार, १ जानेवारी, ख्रिसमस आणि गुड फ्रायडे एवढे दिवस नावानिशी होते, बाकीचे प्रांतिक सरकारने जाहीर करायचे. ईस्टरचा सोमवार त्यात नव्हता. इंग्लंडमध्ये जे दोन दिवस जुन्या रिवाजाचे होते ते इथल्या कायद्यात बसले, लबॉक यांचा नवा सोमवार नाही बसला. पुढे ती नावं कलमातून गेली पण महाराष्ट्र सरकार दरवर्षी सुट्ट्यांची अधिसूचना काढतं ती आजही याच कलम २५ खाली, आणि त्यात गुड फ्रायडे असतो, सोमवार नसतो. गोव्यातही तसंच, शुक्रवारची सुट्टी आणि सोमवारी ऑफिस.

भाचीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली तिच्या टीममधली एक मुलगी अल्सासच्या स्ट्रासबर्गची आहे, आणि फ्रान्सला घरी असली की तिला शुक्रवार सोमवार दोन्ही मिळतात, मिलानला आली की फक्त सोमवार.