पोर्टल रक्तदाबवृद्धी : सिऱ्हॉसिसमधील व्हॅरिसेस व पहिल्या रक्तस्रावाचा प्रतिबंध

जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांतले रक्त गोळा करून यकृताकडे नेणाऱ्या पोर्टल नीलेतील दाब कायमचा वाढण्याची अवस्था. भारतात तिचे सर्वांत नेहमीचे कारण सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृतात तंतू व गाठी पडण्याचा विकार, हे असून त्यामागे मद्यपान, हिपॅटायटिस बी व सी आणि अलीकडे वाढत्या प्रमाणावर मेदयुक्त यकृत हे विकार असतात. अन्ननलिकेच्या खालच्या भागातील नीला फुगणे, म्हणजे व्हॅरिसेस होणे, आणि त्या फुटणे हा या अवस्थेचा सर्वांत धोकादायक परिणाम होय. प्रस्तुत नोंदीत हा रक्तस्राव पहिल्यांदा होण्याआधीच टाळण्याच्या उपायांचा विचार मुख्यतः केला आहे.

दाब का वाढतो, यावर वैद्यकात दीर्घकाळ मतभेद होते. इटालियन विकृतिवैज्ञानिक ग्वीदो बांती यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूळ दोष प्लीहेत असल्याचे मांडले. वाढलेली प्लीहा आधी व यकृताची हानी नंतर, असा त्यांचा क्रम होता. पुढे मॅकिंडो (1928) व व्हिपल (1945) यांच्या कामामुळे हा क्रम उलटला. यकृतात अडथळा निर्माण होतो, रक्त मागे तुंबते आणि प्लीहा त्यामुळे वाढते, हे मत रूढ झाले. पोर्टल नीलेतले रक्त थेट महानीलेत वळवणाऱ्या शंट शस्त्रक्रिया याच विचारातून आल्या. रक्तस्राव न झालेल्या रुग्णांवर अशी शस्त्रक्रिया प्रतिबंधक म्हणून करण्याच्या चाचण्या 1960 च्या दशकात झाल्या. रक्तस्राव टळला, पण रुग्ण जास्त जगले नाहीत, कारण यकृताला वळसा घालून गेलेल्या रक्तामुळे मेंदूवर परिणाम झाला आणि यकृतही लवकर निकामी झाले.

निव्वळ तुंबण्याच्या या उपपत्तीत एक अडचण राहत होती. पर्यायी नीला उघडून बहुतेक रक्त यकृताला टाळून जाऊ लागले, तर दाब उतरायला हवा. प्रत्यक्षात तो उतरत नाही. याचा उलगडा 1980 च्या दशकात ग्रोझमन प्रभृतींच्या उंदरांवरील प्रयोगांनी बऱ्याच अंशी केला. आतड्यांकडे जाणाऱ्या रोहिण्या सैलावतात, आत येणारे रक्तच वाढते आणि हा वाढीव ओघ दाब टिकवून धरतो, असे त्यांत दिसले. आज दोन्ही मते एकत्र घेतली जातात व तेच योग्य वाटते : सुरुवात अडथळ्याने होते, ओघ ती अवस्था टिकवतो.

अडथळाही सगळा एका प्रकारचा नसतो. त्याचा मोठा भाग, सुमारे 70 टक्के असे सामान्यतः मानतात, यकृतात पडलेल्या तंतूंचा व गाठींचा असतो. उरलेला भाग आकुंचनाचा असतो. यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवतीच्या ताराकार पेशी आवळतात आणि वाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड तेथे कमी पडते. विरोधाभास असा की, आतड्यांच्या रोहिण्यांत तेच नायट्रिक ऑक्साइड गरजेपेक्षा जास्त तयार होते. तंतू औषधाने लगेच विरघळत नाहीत. आकुंचन आणि ओघ मात्र बदलता येतात, आणि औषधोपचाराचा सारा आधार या दोहोंवर आहे.

दाब मोजण्याची मान्य पद्धत अप्रत्यक्ष आहे. मानेतल्या नीलेतून बारीक नळी यकृताच्या नीलेत नेतात. नळीच्या टोकाचा फुगा फुगवून नीला बंद केल्यावरचा दाब आणि ती मोकळी असतानाचा दाब यांतला फरक घेतात. निरोगी माणसात तो 1 ते 5 मिमी पारा असतो. 10 च्या पुढे गेल्यावर व्हॅरिसेस व जलोदर यांची शक्यता सुरू होते, तर 12 च्या खाली व्हॅरिसेस सहसा फुटत नाहीत. नेहमीच्या बाह्यरुग्ण विभागात हे मापन होत नाही. तेथे फायब्रोस्कॅनने मोजलेला यकृताचा कडकपणा व प्लेटलेटची संख्या यांवरून अंदाज बांधतात.

व्हॅरिसेस अन्ननलिकेतच का फुटतात, याचे उत्तर तेथील रचनेत आहे. वाढलेल्या दाबाचे रक्त जठराच्या डाव्या नीलेतून उलट दिशेने वर चढते आणि अन्ननलिकेच्या नीलांतून छातीतल्या ॲझिगस नीलेकडे वाट काढते. या वाटा केवळ जुन्या नीला रुंदावून होत नाहीत. दाबामुळे नव्या वाहिन्याही फुटतात. अन्ननलिका जठराला मिळते तेथून वरच्या काही सेंटिमीटरांत या नीला खोल थरात नसून अस्तराच्या लगेच खाली असतात. बाहेरून त्यांना आधार देणारे ऊतक तेथे जवळजवळ नसते. नीलेच्या भिंतीवरचा ताण आतल्या दाबाबरोबर आणि नीलेच्या त्रिज्येबरोबर वाढतो व भिंतीची जाडी कमी झाली की आणखी वाढतो. फुगणारी नीला रुंदही होते आणि पातळही, म्हणून मोठी व्हॅरिक्स लहानीपेक्षा कितीतरी जास्त धोक्याची. दुर्बिणीतून तिच्यावर लाल रेघा किंवा ठिपके दिसले, तर भिंत फारच पातळ झाल्याची ती खूण असते.

व्हॅरिसेसना वेदना नसते. पहिली खूण बहुधा रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच हीच असते आणि अशा रक्तस्रावानंतर सहा आठवड्यांत साधारण सहा-सात रुग्णांमागे एक दगावतो. शहापूर किंवा मुरबाडकडच्या पाड्यावर रात्री उलटी झाली, तर एंडोस्कोपीची सोय असलेल्या कळवा, ठाणे वा मुंबईतल्या रुग्णालयापर्यंत पोचण्यातच मोलाचे तास जातात. ठाणे जिल्ह्यात पहिला रक्तस्राव टाळण्याचे गणित त्यामुळे प्रवासाशीही जोडलेले आहे.

प्रतिबंधाचे औषध म्हणजे निवड न करणारे बीटा ब्लॉकर. पॅरिसजवळच्या क्लिशी येथे लब्रेक व सहकाऱ्यांनी 1980 च्या सुमारास प्रोप्रानोलोलने पोर्टल दाब उतरतो, हे दाखवले. ही औषधे बीटा-1 ग्राहक अडवून हृदयातून बाहेर पडणारे रक्त कमी करतात आणि बीटा-2 अडवून आतड्यांच्या रोहिण्या आकुंचित होऊ देतात. या दुसऱ्या क्रियेचे महत्त्व पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही. मेटोप्रोलोल व ॲटेनोलोल ही रक्तदाबासाठी सर्रास दिली जाणारी औषधे मुख्यतः बीटा-1 वरच काम करतात, त्यामुळे ती व्हॅरिसेससाठी पुरेशी नाहीत. कार्व्हेडिलोल या दोन क्रियांखेरीज अल्फा-1 ग्राहकही अडवते व यकृतातले आकुंचन सैल करते, म्हणून पोर्टल दाब ते प्रोप्रानोलोलपेक्षा अधिक उतरवते.

दुसरा उपाय बँडिंगचा. स्टीगमन यांनी 1980 च्या दशकात रूढ केलेल्या या पद्धतीत एंडोस्कोपच्या टोकावरच्या टोपीत व्हॅरिक्स शोषून घेतात आणि तिच्या बुडाशी रबरी कडे सोडतात. जठराच्या तोंडापासून सुरुवात करून वर सरकत एका बैठकीत साधारण सहापर्यंत बँड टाकतात. बांधलेला भाग काही दिवसांत गळून पडतो व तेथे व्रण राहतो. व्हॅरिसेस नाहीशा होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी बैठक लागते. बँडिंग फुटू पाहणारी नीला काढते, दाबाला मात्र हात लावत नाही. त्यामुळे व्हॅरिसेस परत येतात आणि तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते. बँड गळाल्यावर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, व्रणातून होणारा रक्तस्राव क्वचित पण गंभीर असतो.

दोहोंपैकी सरस कोणता, हा वाद दोन दशके चालला. दिल्लीत शिवकुमार सरिन व सहकाऱ्यांनी केलेल्या 1999 च्या चाचणीत 89 रुग्ण होते. 18 महिन्यांत रक्तस्रावाची शक्यता प्रोप्रानोलोल गटात 43 टक्के, तर बँडिंग गटात 15 टक्के आढळली. मृत्यूंत फरक नव्हता. प्रोप्रानोलोल गटातले प्रमाण इतर चाचण्यांच्या मानाने बरेच जास्त आहे, ही टीका रास्त म्हणावी लागेल. स्कॉटलंडमधील त्रिपाठी प्रभृतींच्या 2009 च्या चाचणीत उलट चित्र दिसले : कार्व्हेडिलोलवर 10 टक्के व बँडिंगवर 23 टक्के रुग्णांना रक्तस्राव झाला. मग 2019 मध्ये स्पेनमधील चाचणीने प्रश्नच बदलला. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत प्रामुख्याने जलोदर कमी झाला, म्हणजे औषधाचा लाभ व्हॅरिसेसपुरता राहिला नाही. बँडिंगकडून ही अपेक्षा करता येत नाही. पोर्टल रक्तदाबवृद्धीवरील बाव्हेनो परिषदेच्या सातव्या सहमतीत (2021) म्हणूनच दाब लक्षणीय वाढलेला असेल, तर व्हॅरिसेस दिसण्याची वाट न पाहता कार्व्हेडिलोलला पसंती दिली आहे.

उदाहरणादाखल एक कल्पित रुग्ण घेऊ. दिघ्याला राहणारे, ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात फिटर असलेले 54 वर्षांचे गृहस्थ. दारू सहा महिन्यांपूर्वी सोडलेली, कावीळ नाही, जलोदर नाही. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल चालू आहे. प्लेटलेट 92,000, फायब्रोस्कॅन 31 किलोपास्कल. कडकपणा 20 च्या खाली व प्लेटलेट दीड लाखाच्या वर असती, तर एंडोस्कोपी टाळता आली असती. 25 च्या वरचा आकडा दाब लक्षणीय वाढल्याचे सांगतो. मात्र हा आकडा जेवणानंतर व मद्यजन्य यकृतदाहात फुगतो, म्हणून तपासणी किमान तीन तास उपाशी राहून आणि दारू सुटल्यावर केलेली हवी. या रुग्णाच्या बाबतीत दोन्ही अटी पाळल्या होत्या. एंडोस्कोपीत मोठ्या व्हॅरिसेस व दोन लाल रेघा दिसल्या.

‘बीटा ब्लॉकर चालूच आहे’ हा घरच्यांचा समज वरील कारणामुळे चुकीचा. मेटोप्रोलोल थांबवून कार्व्हेडिलोल 6.25 मिग्रॅ रोज एकदा सुरू केले. आठवड्याने वरचा रक्तदाब 116, चक्कर नाही, म्हणून मात्रा 12.5 मिग्रॅ झाली. प्रोप्रानोलोलप्रमाणे येथे नाडी 55 ते 60 वर आणण्याचे लक्ष्य नसते. मात्रा गाठणे आणि वरचा रक्तदाब 90 च्या वर राखणे पुरेसे. औषध नीट सोसत आहे तोवर व्हॅरिसेस पाहण्यासाठी पुन्हा दुर्बीण घालावी लागत नाही. दमा असता, तर हा मार्ग पहिल्यापासून बंद होता.

दोन वर्षांनी त्यांना जलोदर झाला, वरचा रक्तदाब 86 वर आला व क्रिएटिनिन वाढले. अशा वेळी मात्रा घटवतात किंवा औषध थांबवतात, कारण मूत्रपिंडाला मिळणारे रक्त आता टिकवायचे असते. रक्तदाब सावरला, तर औषध पुन्हा सुरू करता येते. या रुग्णाचा सावरला नाही, म्हणून बँडिंग ठरले. तीन बैठकींत व्हॅरिसेस गेल्या. प्रत्येक बैठकीनंतर मऊ आहार व आम्लरोधक गोळ्या दिल्या, काळी शौच झाल्यास लगेच येण्यास सांगितले. पुढची दुर्बीण तीन ते सहा महिन्यांनी, नंतर दर सहा ते बारा महिन्यांनी.

असिऱ्हॉटिक पोर्टल फायब्रोसिस हा भारतात परिचित विकार वरील आकड्यांत बसत नाही. त्यात यकृत फारसे कडक नसतानाही मोठ्या व्हॅरिसेस असतात, त्यामुळे प्लीहा मोठी व फायब्रोस्कॅन कमी अशा रुग्णात एंडोस्कोपी टाळू नये. जठराच्या वरच्या घुमटातील व्हॅरिसेसना बँडिंग सहसा करत नाहीत. त्या फुटल्यास सायनोॲक्रिलेट हा चिकट द्रव टोचतात.