पहिल्या प्रकाशित ॲपवर आधारलेले कव्हर लेटर

नवशिक्या प्रोग्रामरने नोकरीच्या अर्जासोबत पाठवलेले आणि अनुभवाच्या जागी स्वतःचे पहिले प्रकाशित ॲप पुरावा म्हणून मांडणारे छोटे पत्र. ते सहसा ईमेलमध्येच लिहितात आणि रेझ्युमे सोबत जोडतात. लांबी दीडशे ते दोनशे शब्द पुरते. त्यात पद, ॲपचे काम, चालणारी लिंक, सोडवलेली एक अडचण आणि रुजू होण्याची तारीख एवढे आले पाहिजे. शिक्षण आणि येणाऱ्या भाषांची यादी रेझ्युमेत असतेच, तिची पुनरावृत्ती इथे जागा खाते.

ॲप प्रकाशित असण्याला वजन येते ते त्यामागच्या कामामुळे. कॉलेजचा प्रोजेक्ट सादरीकरणाच्या दिवशी एकदा चालला तरी भागते. प्ले स्टोअरवरचे ॲप अनोळखी फोनवर चालते, त्याला अपडेट द्यावे लागते आणि जुन्या वापरकर्त्यांची माहिती सांभाळावी लागते. गुगलची नोंदणी फी एकदाच 25 डॉलर आहे, ॲपलची दर वर्षी 99 डॉलर. त्यामुळे पहिले ॲप बहुधा अँड्रॉइडचेच असते. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्यांना आणखी एक अट आहे: ॲप सर्वांसाठी खुले करण्याची परवानगी मागण्यापूर्वी किमान 12 जणांनी सलग 14 दिवस निवडक लोकांच्या यादीपुरत्या बंद चाचणीत राहावे लागते. अर्जाची मुदत जवळ असेल तर हे दोन आठवडे आधीच धरावेत. चाचणी संपलेली नसेल तर पत्रात ‘प्रकाशित’ हा शब्द वापरू नये. ‘ॲप सध्या बंद चाचणीत आहे’ असे लिहून एक मिनिटाचा स्क्रीन रेकॉर्डिंगचा व्हिडिओ द्यावा. ॲप बसवण्याची एपीके फाइल मेलला जोडण्यात अर्थ नाही, कारण जीमेल ती अडवते.

पत्रातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे अडचणीचा परिच्छेद, आणि बहुतेक पत्रे तिथेच पोकळ निघतात. ‘आधुनिक आर्किटेक्चर वापरून वापरायला सोपे ॲप बनवले’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच तपासता येत नाही. नमुन्यादाखल दुधाच्या रतिबाचा हिशेब ठेवणारे ॲप घेऊ. रोजचे लिटर, खाडे आणि महिनाअखेरीचे बिल एवढेच त्याचे काम. ते कोटलिनमध्ये लिहिलेले असून नोंदी फोनमध्येच, रूम डेटाबेसमध्ये राहतात. पहिल्या आवृत्तीत दिवसाला एकच नोंद होती. दुसऱ्या आवृत्तीत सकाळ-संध्याकाळ वेगळी करण्यासाठी तक्त्यात एक रकाना वाढवला आणि डेटाबेसची आवृत्ती 1 वरून 2 केली, पण जुना तक्ता नव्यात कसा बदलायचा हे सांगणारे मायग्रेशन लिहायचे राहिले. ज्यांनी ॲप नव्याने घेतले त्यांना काही जाणवले नाही. ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती होती त्यांचे ॲप अपडेटनंतर उघडताच बंद पडू लागले. प्ले कन्सोल या विकसकांसाठीच्या गुगलच्या पानावरील क्रॅशच्या यादीत हा संदेश दिसतो:

```
java.lang.IllegalStateException: A migration from 1 to 2 was required but not found.
```

स्वतः केलेल्या चाचणीत हे निसटते, कारण तिथे दर वेळी जुने ॲप काढून नवे टाकलेले असते आणि डेटाबेस कोराच असतो. `fallbackToDestructiveMigration()` ही ओळ घातली की क्रॅश थांबतो, पण जुना डेटा पुसला जातो आणि घरच्यांनी महिनाभर मांडलेले खाडे जातात. म्हणून योग्य उपाय म्हणजे रकाना जोडणारे मायग्रेशन लिहिणे आणि जुनी आवृत्ती नोंदींसह बसवून तिच्यावरच नवी टाकून पाहणे.

हे सगळे पत्रात चार वाक्यांत बसते. पत्र इंग्रजीत जाणार असले तरी मजकूर असा:

“रतिबाचा हिशेब ठेवणारे माझे ॲप प्ले स्टोअरवर आहे, डिझाइनपासून प्रकाशनापर्यंतचे काम मी एकट्याने केले. आवृत्ती 1.1 मध्ये मायग्रेशन न लिहिल्यामुळे जुन्या वापरकर्त्यांचे ॲप उघडताच बंद पडत होते. क्रॅश रिपोर्टवरून कारण शोधून 1.2 मध्ये नोंदी न पुसता दुरुस्ती केली आणि आता प्रत्येक प्रकाशनापूर्वी जुन्या आवृत्तीवरून अपडेट करून तपासतो. ॲपमध्ये अजून बॅकअपची सोय नाही, फोन बदलला तर नोंदी नव्या फोनवर येत नाहीत.”

शेवटचे वाक्य काढून टाकण्याचा मोह होतो, पण ते ठेवावे. मुलाखत घेणारा ॲप पाच मिनिटे वापरतो तेव्हा ही उणीव त्याला दिसतेच. ती आधीच सांगितली असेल तर पुढचा प्रश्न ‘बॅकअप कसा कराल?’ असा येतो आणि त्याची तयारी करता येते. मुळात पत्रातले प्रत्येक वाक्य प्रश्नाला आमंत्रण असते. ज्यावर दहा मिनिटे बोलता येणार नाही असा शब्द पत्रात घालू नये. ॲपची सुरुवात एखाद्या कोर्समधल्या उदाहरणापासून झाली असेल तर तेही लिहावे आणि त्यापुढे स्वतः काय वाढवले ते सांगावे. प्रोजेक्ट दोघा-तिघांचा असेल तर ‘आम्ही’ आणि ‘मी’ यांतला फरक पत्रात स्पष्ट दिसायला हवा.

आकड्यांबाबत काटेकोर राहावे लागते. प्ले स्टोअरचे पान डाउनलोडचा नेमका आकडा दाखवत नाही, ‘10+’, ‘50+’, ‘100+’ असे टप्पे दाखवते. पत्रात ‘शेकडो वापरकर्ते’ आणि पानावर ‘10+’ असेल तर एका क्लिकवर पत्राचा विश्वास जातो. आकडा लहान असला तरी चालतो. ‘सोसायटीतली बारा घरे रोज वापरतात’ हे खरे असेल तर मित्रांनी एकाच दिवशी दिलेल्या पाच ताऱ्यांच्या ढिगापेक्षा त्याला जास्त किंमत आहे.

लिंक न उघडणे ही सर्वांत साधी आणि सर्वांत महागात पडणारी चूक. स्वतःच्या फोनवर ती नेहमी उघडते, कारण खाते चाचणीच्या यादीत असते. बंद चाचणीची लिंक यादीबाहेरच्या माणसाला उपयोगाची नसते. ॲप फक्त भारतासाठी खुले केले असेल तर परदेशातल्या कंपनीच्या माणसाला ते घेता येत नाही. जुने ॲप वर्षानुवर्षे अपडेट केले नाही तर टार्गेट एपीआयची, म्हणजे अलीकडच्या अँड्रॉइडसाठी ॲप बनवलेले असण्याची, अट न पाळल्यामुळे नव्या फोनवर नव्या वापरकर्त्यांना ते मिळेनासे होते. पत्र पाठवण्यापूर्वी यादीत नसलेल्या कुणाच्या तरी फोनवरून लिंक उघडून, ॲप प्रत्यक्ष बसवून घ्यावे. लिंक पूर्ण स्वरूपात द्यावी, छोटी केलेली नको:

```
https://play.google.com/store/apps/details?id=<package-name>
```

गिटहबची लिंक देणार असाल तर रेपॉझिटरीचा इतिहासही तपासावा. ॲपवर डिजिटल सही करणारी अपलोड की असलेली कीस्टोअर फाइल किंवा तिचा पासवर्ड एखाद्या जुन्या कमिटमध्ये गेला असेल तर नव्या कमिटमध्ये ती फाइल काढून भागत नाही. इतिहासात ती तशीच राहते. ॲपची अंतिम सही गुगलकडे सोपवणारे प्ले ॲप साइनिंग चालू असेल तर कन्सोलमधून अपलोड की बदलून घेण्याची विनंती करता येते. ती बदलून झाल्यावरच लिंक पाठवावी.

पद बदलले की ॲपमधला मुद्दाही बदलतो. बॅकएंडच्या जागेसाठी तक्त्याची रचना आणि बिलाचे गणित पुढे आणावे, टेस्टिंगच्या जागेसाठी वर सांगितलेली अपडेटची तपासणी. रुजू होण्याची तारीख आणि फोन नंबर शेवटच्या ओळीत असतात, आणि विषयाच्या ओळीत पदाचे नाव जाहिरातीत छापले आहे तसेच, संदर्भ क्रमांक असल्यास त्यासह लिहितात.