टंगस्टनचं उत्तर तपासताना

टंगस्टनचा अणुअंक ७४. त्याचं इलेक्ट्रॉन संरूपण विचारलं की क्रोमियमचा अपवाद पाठ असलेला हुशार विद्यार्थी हमखास लिहितो: [Xe] 4f¹⁴ 5d⁵ 6s¹. दिसायला उत्तर झकास आहे. ते बरोबर आहे का, हे कसं ठरवायचं?

पहिली तपासणी बेरजेची. झेनॉनचे ५४, मग १४, ५ आणि १. एकूण ७४. हिशेब जुळला. टंगस्टनच्या बाबतीत ही बेरीज टाळू नये, कारण या ओळीत 4f चे चौदा इलेक्ट्रॉन विसरण्याची चूक फार होते, आणि मग उत्तर साठावरच अडकतं. पण बेरीज जुळली म्हणजे उत्तर बरोबर, असं मात्र नाही. Fe²⁺ या आयनाचं संरूपण कोणी [Ar] 3d⁴ 4s² लिहिलं तरी बेरीज २४च येते. प्रत्यक्षात ते [Ar] 3d⁶ आहे. लोखंडाचा आयन होताना आधी 4s मधले इलेक्ट्रॉन जातात, ते भरताना आधी भरले असले तरी.

दुसरी तपासणी भरण्याच्या क्रमाची. प्रत्येक उपकवचासाठी n आणि l यांची बेरीज करायची. n म्हणजे कवचाचा क्रमांक, आणि l चं मूल्य s साठी ०, p साठी १, d साठी २, f साठी ३. ज्याची बेरीज कमी, ते आधी भरतं. बेरीज सारखी आली तर n लहान असलेलं आधी. झेनॉननंतर 6s ची बेरीज ६ + ० म्हणजे ६, 4f ची ४ + ३ म्हणजे ७ आणि 5d ची ५ + २ म्हणजे पुन्हा ७. म्हणून क्रम 6s, 4f, 5d. उरलेले वीस इलेक्ट्रॉन या क्रमाने वाटले तर 6s मध्ये २, 4f मध्ये १४ आणि 5d मध्ये ४. नियम सांगतो 5d⁴ 6s², विद्यार्थ्याने लिहिलंय 5d⁵ 6s¹.

आता प्रश्न एवढाच, की टंगस्टन खरोखर अपवाद आहे का. विद्यार्थ्याचा युक्तिवाद असा: क्रोमियम 3d⁵ 4s¹, त्याच्याच गटात खाली मॉलिब्डेनम 4d⁵ 5s¹, त्याखाली टंगस्टन. अर्धं भरलेलं d उपकवच स्थिर असतं, तेव्हा इथेही तसंच असणार. तर्क सरळ आहे, उत्तर चूक आहे. टंगस्टन नियमानेच चालतो: [Xe] 4f¹⁴ 5d⁴ 6s².

गडबड ‘अर्धं भरलेलं म्हणजे स्थिर’ या वाक्यात आहे. आपण ते कारण म्हणून शिकवतो, पण त्यावरून अपवाद ओळखता येत नाहीत. नायोबियम 4d⁴ 5s¹ आहे. तिथे ना अर्धं भरलंय ना पूर्ण, तरी तो अपवाद. पॅलेडियममध्ये तर 5s पूर्ण रिकामं, 4d¹⁰. s आणि d या दोन पातळ्यांच्या ऊर्जा इतक्या जवळ असतात की इलेक्ट्रॉनांचं आपसातलं ढकलणं थोडं इकडेतिकडे झालं की पारडं फिरतं. टंगस्टनमध्ये केंद्रकावर ७४ धनभार आहेत. त्यांच्याजवळून जाताना 6s इलेक्ट्रॉनांचा वेग एवढा वाढतो की सापेक्षतावादाचा परिणाम दखल घेण्याजोगा होतो, आणि 6s अधिक घट्ट धरलं जातं. तिथून एक इलेक्ट्रॉन काढून 5d मध्ये टाकणं परवडत नाही. तरी त्याच ओळीत पुढे प्लॅटिनम (5d⁹ 6s¹) आणि सोनं (5d¹⁰ 6s¹) अपवाद आहेतच!

म्हणून शेवटची तपासणी तर्काची नाही, मोजमापाची. वर्णपटावरून अणूच्या ऊर्जापातळ्या मोजलेल्या असतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या खुल्या तक्त्यात `W I` शोधलं, म्हणजे आयन न झालेला टंगस्टन, की सगळ्यात खालची पातळी 5d⁴ 6s² ची दिसते. विद्यार्थ्याचं 5d⁵ 6s¹ सुद्धा तिथे आहे, पण सुमारे ०.३७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर. म्हणजे त्याने लिहिलं ते अणूला अशक्य नव्हतं, फक्त ती तळाची पातळी नव्हती.

चांदीच्या बाबतीत तर हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. क्रमाने पाहिलं तर चांदी 4d⁹ 5s² हवी. अपवादांच्या यादीत ती 4d¹⁰ 5s¹ आहे. १९२२ मध्ये फ्रँकफर्टला स्टर्न आणि गेर्लाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला. आजच्या हिशेबाने, 4d⁹ 5s² ही तळाची पातळी असती तर झोत सहा भागांत फुटायला हवा होता. 4d¹⁰ 5s¹ मध्ये भरलेलं 4d चुंबकाला काहीच प्रतिसाद देत नाही, एकट्या 5s इलेक्ट्रॉनाची फिरक तेवढी उरते, आणि तिला दोनच दिशा असतात. काचेवर चांदीचे दोनच माग उमटले.