हृदयधमनी अँजिओग्राम : अडथळ्याची तीव्रता आणि स्टेंट-बायपासची निवड

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत क्ष-किरणांना अपारदर्शक असे आयोडीनयुक्त द्रव्य (बोलीभाषेत 'डाय') सोडून घेतलेले चलच्चित्र म्हणजे हृदयधमनी अँजिओग्राम. धमनी कुठे आणि किती अरुंद झाली आहे, हे त्यात दिसते. त्यावरून रुग्णाला औषधांवर ठेवायचे, स्टेंट बसवायचा की बायपास करायचा, हे ठरवतात. 'सत्तर टक्के ब्लॉक आहे' हे वाक्य घरोघरी ऐकू येते, पण निवड एकट्या टक्केवारीवर क्वचितच होते. अडथळा कोणत्या धमनीत, कोणत्या जागी आणि कशा प्रकारचा आहे, याला बहुतेक वेळा जास्त वजन असते.

ही तपासणी एका चुकीतून जन्मली. 1958 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स महाधमनीच्या मुळाशी डाय सोडणार होते, पण नळीचे टोक उजव्या हृदयधमनीत सरकले आणि डाय थेट तिच्यात गेला. थेट हृदयधमनीत डाय सोडणे जिवावर बेतेल अशी तेव्हाची समजूत होती. रुग्ण वाचला आणि नवी पद्धत हाती आली. त्याच संस्थेत 1967 मध्ये रेने फावालोरो यांनी पायातील शीर वापरून बायपास रुळवला. 1977 मध्ये झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्सिग यांनी फुग्याने पहिली हृदयधमनी रुंद केली. धमनीत जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, ठेवणे 1986 पासून सुरू झाले.

टक्केवारी म्हणजे काय

कॅथलॅबमध्ये मनगटातून किंवा जांघेतून साधारण दोन मिलिमीटर जाडीची नळी हृदयधमनीच्या तोंडाशी नेतात. डाय सोडून डाव्या-उजव्या, वरच्या-खालच्या कोनांतून चित्रे घेतात. एकाच कोनातून पाहिले तर वळलेली धमनी आखूड दिसते आणि एका फांदीमागे दुसरी लपते, म्हणून कोन बदलावे लागतात. अरुंद जागेच्या व्यासाची तुलना शेजारच्या निरोगी भागाशी करतात. तीन मिलिमीटरच्या धमनीत वाट 0.9 मिलिमीटर उरली, तर अडथळा 70 टक्के.

ही टक्केवारी व्यासाची असते. व्यास 70 टक्क्यांनी घटला की वाटेचे क्षेत्रफळ सुमारे 91 टक्क्यांनी घटते, आणि 50 टक्क्यांचा अडथळा क्षेत्रफळात 75 टक्के होतो. तरीही पन्नास टक्क्यांच्या अडथळ्याने बसल्याजागी काहीच जाणवत नाही, कारण पुढच्या बारीक रक्तवाहिन्या सैल होऊन तूट भरून काढतात. लान्स गूल्ड यांनी 1974 मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले, की विश्रांतीतला प्रवाह व्यास सुमारे 85 टक्के घटेपर्यंत टिकतो, पण श्रमाच्या वेळी वाढू शकणारा कमाल प्रवाह 30 ते 45 टक्क्यांपासूनच घटू लागतो. जिना चढताना छाती भरून येते आणि थांबले की मोकळे वाटते, त्याचे कारण हेच.

टक्केवारी बहुधा डोळ्यांच्या अंदाजाने लिहितात, त्यामुळे एकाच चित्रावर दोन डॉक्टरांचे आकडे वेगळे येणे नवलाचे नाही. 'शेजारचा निरोगी भाग' हीच तुलनेची मोजपट्टी, आणि मधुमेहात धमनी लांबवर सारखीच अरुंद झालेली असली तर ती मोजपट्टीच आखूड होते. मग अडथळा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. अँजिओग्राम धमनीच्या आतली वाट दाखवतो, भिंत दाखवत नाही. भिंतीत चरबीचा थर साठत असताना धमनी सुरुवातीला बाहेरच्या बाजूला फुगते आणि वाट तेवढीच राहते, म्हणून चित्र साफ दिसले तरी भिंत रोगट असू शकते. उलट चूकही होते: नळीचे टोक टेकल्याने उजव्या धमनीचे तोंड आकसते आणि तो अडथळा वाटतो. नायट्रोग्लिसरीन देऊन चित्र पुन्हा घेतले की तो नाहीसा होतो. स्नायूखालून जाणारा धमनीचा तुकडाही हृदय आकुंचन पावताना दबलेला दिसतो, पण प्रसरणात मोकळा होतो. एकाच थांबवलेल्या चित्रावर विसंबू नये ते यासाठी.

दाबाची तार

40 ते 90 टक्क्यांच्या पट्ट्यात नजरेचा अंदाज फारसा भरवशाचा नसतो. तिथे टोकाला दाबमापक असलेली, सुमारे 0.36 मिलिमीटर जाडीची तार अडथळ्यापलीकडे नेतात. अ‍ॅडेनोसिन देऊन प्रवाह कमाल करतात आणि पलीकडच्या दाबाला महाधमनीतील दाबाने भागतात. या गुणोत्तराला एफएफआर म्हणतात. महाधमनीत 92 आणि पलीकडे 68 दाब असेल तर एफएफआर 0.74. 0.80 किंवा त्याहून कमी आकडा आला, तर अडथळा स्नायूचा पुरवठा खरोखर तोडतो आहे असे मानतात.

2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फेम' चाचणीच्या नोंदी बोलक्या आहेत. नजरेला 50 ते 70 टक्के वाटलेल्या अडथळ्यांपैकी सुमारे 35 टक्केच एफएफआरने गंभीर ठरले, आणि 71 ते 90 टक्के वाटलेल्यांपैकीही सुमारे 20 टक्के गंभीर नव्हते. म्हणजे निव्वळ 'साठ टक्के' या आकड्यावर स्टेंट बसवला, तर तो अनाठायी असण्याचीच शक्यता जास्त.

जागेचे वजन

महाधमनीतून निघालेल्या डाव्या मुख्य धमनीचे (लेफ्ट मेन) एलएडी आणि सर्कमफ्लेक्स असे दोन फाटे होतात, आणि उजवी हृदयधमनी (आरसीए) स्वतंत्र निघते. डाव्या मुख्य धमनीवर डाव्या जवनिकेचा बहुतेक पुरवठा अवलंबून असतो, म्हणून तिच्यात 50 टक्क्यांचा अडथळाही गंभीर मानतात. इतरत्र ही मर्यादा साधारण 70 टक्के आहे.

'सिंटॅक्स' गुणांकन याच तर्कावर उभे आहे. ते त्याच नावाच्या, 1,800 रुग्णांच्या चाचणीसाठी तयार झाले आणि ती चाचणी 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. धमनीच्या प्रत्येक तुकड्याला वजन आहे: हृदयाच्या खालच्या-मागच्या भागाला उजवी धमनी रक्त पुरवत असलेल्या, म्हणजे उजवी धमनी प्रबळ असलेल्या हृदयात डावी मुख्य धमनी 5, एलएडीचा आरंभ 3.5, उजव्या धमनीचा मधला भाग 1. अडथळा 50 ते 99 टक्के असेल तर वजनाची दुप्पट आणि पूर्ण बंद असेल तर पाचपट. 55 आणि 95 टक्क्यांना इथे एकच गुणक आहे, हे पुष्कळांना खटकते. पण त्यातून निघणारा अर्थ पाहा: उजव्या धमनीच्या मध्यावर 95 टक्के असतील तर 2 गुण, डाव्या मुख्य धमनीत 55 टक्के असतील तर 10. पहिल्याला स्टेंट सरळ बसतो, दुसऱ्यात बायपासचा विचार करावाच लागतो. फाटा, भिंतीत साठलेला चुना म्हणजे कॅल्शियम, लांबी, जुनी बंद वाट यांचे गुण वेगळे मिळतात. 22 पर्यंत कमी, 23 ते 32 मध्यम, 33 पासून जास्त.

तीन धमन्यांच्या आजारात मध्यम आणि जास्त गुणांना बायपासचे निकाल सरस ठरले. दहा वर्षांनी तीन धमन्यांच्या आजाराच्या सगळ्या रुग्णांत मिळून स्टेंट घेतलेल्यांपैकी 28 टक्के आणि बायपास झालेल्यांपैकी 21 टक्के दगावलेले आढळले. डाव्या मुख्य धमनीच्या आजारात मात्र मृत्यूत असा फरक दिसला नाही.

याचे कारण रचनेत आहे. स्टेंट त्या एका जागेचा खड्डा बुजवतो. बायपास शहराबाहेरून काढलेल्या वळणरस्त्यासारखा, अडथळ्याच्या बऱ्याच पुढे जोडलेला असतो; मधल्या पट्ट्यात उद्या नवा अडथळा झाला तरी पुढचा पुरवठा चालू राहतो. छातीच्या आतल्या बाजूची डावी धमनी (लिमा) एलएडीला जोडली तर दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊहून अधिक रुग्णांत ती उघडी असते. पायातल्या शिरेच्या जोडण्या मात्र तेवढ्या काळात निम्म्याच्या आसपास बंद पडतात.

मधुमेहात हा फरक अधिक ठळक होतो. 1,900 मधुमेही रुग्णांच्या 'फ्रीडम' चाचणीत (2012) पाच वर्षांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी होण्याचे प्रमाण स्टेंटच्या गटात 26.6 टक्के, तर बायपासच्या गटात 18.7 टक्के होते. नुसता पक्षाघात मात्र बायपासमध्ये जास्त होता, 5.2 विरुद्ध 2.4 टक्के. नातेवाइकांना ही दुसरी बाजू सांगायची बऱ्याचदा राहून जाते.

हे सारे स्थिर आजाराविषयी आहे. झटका चालू असताना बंद झालेली धमनी उघडणे हेच पहिले काम असते आणि गुण मोजत कोणी बसत नाही. दुसऱ्या टोकाला, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' चाचणीत, डावी मुख्य धमनी ठीक असलेल्या स्थिर रुग्णांत सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू अथवा झटके कमी झाल्याचे दिसले नाही. छातीतले दुखणे मात्र कमी झाले. त्यामुळे औषधे हाही खरा पर्याय आहे.

एक नमुना

58 वर्षांचा मधुमेही गृहस्थ, चालताना छाती दाबल्यासारखी होते, औषधांनी पुरेसा उतार नाही. हृदयाचे पंपिंग 50 टक्के. अँजिओग्राममध्ये एलएडीच्या आरंभापासून मध्यापर्यंत, पहिल्या डायगोनल फांदीच्या तोंडासह, 85 टक्के अडथळा दिसतो. तो दोन सेंटिमीटरहून लांब आहे आणि चुन्याने कडक झालेला आहे. उजवी धमनी मध्यावर पूर्ण बंद आहे आणि ती कधी बंद झाली ते ठाऊक नाही. सर्कमफ्लेक्सच्या फांदीत 60 टक्के.

एलएडीचा आरंभ, मध्य आणि डायगोनल या तीन तुकड्यांची वजने 3.5, 2.5 आणि 1, बेरीज 7, दुप्पट 14. फाट्याचे 2, चुन्याचे 2, लांबीचा 1, म्हणजे 19. उजव्या धमनीचे 1 गुणिले 5, बंद वाटेचे वय माहीत नाही म्हणून 1, टोक बोथट म्हणून 1, असे 7. सर्कमफ्लेक्सच्या फांदीचे 2. एकूण 28.

अशा वेळी टेबलावरच 'स्टेंट टाकून घेऊ या का, लगेच सांगा' असे बाहेर विचारले जाते आणि कुटुंब गोंधळते. इथे घाई नाही. रुग्णाला बाहेर आणून हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी चित्र एकत्र पाहणे योग्य. शल्यविशारदाचा प्रश्न वेगळा असतो: अडथळ्यापलीकडे टाका घालता येईल एवढी, साधारण दीड मिलिमीटरची तरी, निरोगी धमनी उरली आहे का? पलीकडची धमनीही शेवटपर्यंत रोगट असेल, तर गुण कितीही आले तरी बायपासला जोडायला जागाच नसते. या रुग्णात एलएडीचा शेवटचा भाग चांगला आहे, आणि डाव्या बाजूने आलेल्या पर्यायी वाहिन्यांमुळे उजव्या धमनीचे टोकही भरलेले दिसते. इकोवर तिथला स्नायू हलतो आहे, म्हणजे तो जिवंत आहे.

सर्कमफ्लेक्सच्या फांदीचा एफएफआर 0.87 आला, म्हणजे ती अडलेली नाही. निर्णय बायपासचा झाला: लिमा एलएडीला, पायातली शीर डायगोनलला आणि उजव्या धमनीच्या शेवटच्या फांदीला. छाती उघडलीच आहे तर साठ टक्क्यांच्या फांदीलाही एक जोडणी देऊन टाकावी, असे नातेवाइकांना वाटते. ती दिली जात नाही, कारण मूळ धमनीतून पुरेसे रक्त वाहत असेल तर नव्या जोडणीतला प्रवाह मंदावतो आणि ती बंद पडण्याची शक्यता वाढते.