निनादी दालनांसाठी ध्वनिमुद्रित उद्घोषणा

मोठ्या, कठीण पृष्ठभागांच्या दालनात निनादामुळे शब्द एकमेकांत मिसळतात. तेथे वाजवायच्या सूचना कळाव्यात म्हणून त्या मुद्रणाच्या वेळीच विशेष रीतीने बोलल्या व संस्कारित केल्या जातात. ग्वाल्हेर येथील जयविलास राजवाड्याचा (सु. १८७४) दरबार हॉल साधारण अशा आकाराचा आहे. पुढील उदाहरणात तेवढेच, पण गालिचे व पडदे नसलेले दालन कल्पिले आहे.

दालन ३० मी. लांब, १५ मी. रुंद व १२ मी. उंच असल्यास घनफळ ५,४०० घ.मी. आणि पृष्ठभाग १,९८० चौ.मी. होतो. पृष्ठभाग ध्वनीचा जो अंश शोषतात तो, म्हणजे सरासरी शोषणगुणांक, ०·१ धरल्यास सॅबिनच्या सूत्राने निनादकाल (ध्वनी ६० डेसिबेलने उतरण्यास लागणारा वेळ) सु. ४·४ सेकंद येतो. म्हणजे आवाज दर सेकंदाला जेमतेम १४ डेसिबेल उतरतो. पुढचे सर्व निर्णय या एका आकड्यावर अवलंबून असतात.

गती किती कमी करावी याविषयी मतभेद आहेत. निनादाच्या शेपटीने पुढचे अक्षर झाकले जाते, ही मांडणी ध्वनिशास्त्रज्ञ बोल्ट व मॅक्डॉनल्ड यांनी १९४९ मध्ये गणिती स्वरूपात केली. तिच्या आधारे सावकाश बोलणे हाच उपाय, असे बहुधा मानले जाते. तथापि वरील दालनात सेकंदाला पाच अक्षरे बोलली, तर एका अक्षराच्या अवधीत मागचा आवाज २·७ डेसिबेल उतरतो; तीनच बोलली, तर ४·५ डेसिबेल. लाभ आहे, पण थोडा. शिवाय गती कमी करताना निवेदक नकळत स्वर लांबवतो आणि लांबलेला स्वर दालनात अधिक ऊर्जा भरतो. ताकायुकी आराई व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये स्वरांचा स्थिर भाग दाबून पाहिला, तो याच कारणाने. त्यामुळे स्वर न ताणता शब्दसमूहांमध्ये विराम घेणे अधिक ग्राह्य वाटते. दीड सेकंदाच्या विरामात मागचा आवाज सु. २० डेसिबेल खाली जातो. सूचनेपूर्वीची घंटाही लहान असावी आणि तिच्यानंतर दोन सेकंद काहीही बोलू नये, नाहीतर पहिलाच शब्द तिच्या नादात बुडतो.

मराठी वाक्यरचनेची अडचण निराळी आहे. नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि तेथेच निवेदकाचा आवाज खाली पडतो. ‘कृपया उत्तरेकडील जिन्याने वर जाऊ नये’ यातले ‘नये’ मागच्या रांगेत पोचत नाही आणि ऐकणारा उलट अर्थ घेतो. म्हणून वाक्य फोडतात : ‘थांबा. | उत्तरेचा जिना बंद आहे. | उत्तरेचा जिना बंद. | दक्षिणेच्या जिन्याने जा.’ (उभी रेघ म्हणजे विराम.) पुनरुक्ती संपूर्ण सूचनेची नसते, ज्या शब्दांवर कृती ठरते त्यांचीच असते. संख्यांतही असाच घोटाळा होतो. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर यांची सुरुवात सारखीच. फरक शेवटी असतो आणि तो ‘एकोण’च्या निनादाखाली जातो. त्यामुळे ५९ हे आधी ‘एकोणसाठ’ व विरामानंतर ‘पाच, नऊ’ असे म्हणावे. ग्वाल्हेरमध्ये हीच सूचना हिंदीतही द्यावी लागते; दोन्ही भाषा वाक्यागणिक मिसळण्यापेक्षा एक पूर्ण झाल्यावर दुसरी घ्यावी.

मुद्रण निनादरहित खोलीत, मायक्रोफोन तोंडापासून १५–२० सेंमी. ठेवून करतात; खोलीचा स्वतःचा निनाद नंतर पूर्णपणे काढता येत नाही. दगड व चुना नीच कंप्रतेचे ध्वनी फार थोडे शोषतात आणि हे गुंजणारे ध्वनी वरच्या कंप्रतेची व्यंजने झाकतात. म्हणून साधारण १५०–२०० हर्ट्झच्या खालचा भाग कापतात आणि २,००० ते ४,००० हर्ट्झचा पट्टा ३ ते ६ डेसिबेल उचलतात. त्याहून अधिक उचलल्यास स, श, च बोचू लागतात. आवाजाची पातळी फार सपाट करणेही अपायकारक, कारण मग हळू पडणारे शब्दान्तही स्वरांइतकेच मोठे होऊन निनादात भर घालतात.

दालन भरल्यावर चित्र बदलते. ५०० श्रोत्यांचे शोषण प्रत्येकी ०·५ चौ.मी. धरल्यास निनादकाल सु. १·९ सेकंदांवर येतो आणि रिकाम्या दालनासाठी केलेली सूचना रेंगाळते. दोन आवृत्त्या ठेवणे त्यामुळे इष्ट.

या साऱ्याला ध्वनिक्षेपकाच्या अंतराची मर्यादा आहे. रिकाम्या दालनात सर्व दिशांना सारखा आवाज टाकणाऱ्या क्षेपकापासून केवळ सु. २ मी.वर थेट ध्वनी व निनाद समान होतात. आवाज एका दिशेत पाचपट एकवटणाऱ्या क्षेपकाने हे अंतर ४·५ मी. होते. याच्या तीन-चार पट दूर बसलेल्याला कसेही मुद्रण केले तरी सूचना नीट कळत नाही. आवाज वाढवूनही उपयोग नाही, कारण निनादही तितकाच वाढतो. तेथे श्रोत्यांजवळ लहान क्षेपक लावावे लागतात. चाचणी मजकूर ठाऊक नसलेल्या व्यक्तीला शेवटच्या रांगेत बसवून घेतात. तिने ऐकलेले कागदावर लिहावे, आणि संख्या, दिशा व नकार हे तीन जसेच्या तसे उतरले की नाही ते पाहावे.